घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घ्यायचंय? प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र असं करा

आपल्याकडे लग्नात फक्त आडनाव बदलत नाही. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत तर पहिलं नावही बदलतं. त्यामुळे घटस्फोटानंतर मूळ नावाकडे परतताना तीनही शब्द सिद्ध करावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, माहेरची सुनीता दत्तात्रय कदम लग्नानंतर सायली नीलेश पवार झाली. आधार, पॅन आणि बँक खातं सायलीच्या नावावर, पण दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी सुनीताच्या नावावर. आता घटस्फोट झाला. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात फक्त 'सायली नीलेश पवार' लिहिलं असेल, तर त्यावरून विवाह संपला हे कळतं. पण सायली म्हणजेच सुनीता, हे त्यात कुठेच नाही. ही कडी जोडण्याचं काम प्रतिज्ञापत्र करतं.

आधी काय गोळा करायचं?

हुकूमनाम्याची न्यायालयाकडून मिळणारी प्रमाणित प्रत (साधी झेरॉक्स चालत नाही), विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि सध्याचं आधार. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं, म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा.

मसुदा कसा लिहायचा?

भाषा साधी ठेवा. उदाहरणार्थ:

"मी, सायली नीलेश पवार, वय …, व्यवसाय …, राहणार …, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की,
१) माझे विवाहापूर्वीचे नाव सुनीता दत्तात्रय कदम असे होते.
२) दिनांक … रोजी विवाह झाल्यानंतर मी सायली नीलेश पवार हे नाव धारण केले.
३) … न्यायालयाने याचिका क्रमांक … मध्ये दिनांक … रोजी दिलेल्या हुकूमनाम्याने आमचा विवाह संपुष्टात आला आहे.
४) यापुढे मी सुनीता दत्तात्रय कदम हेच नाव वापरणार आहे. वरील दोन्ही नावे माझीच, एकाच व्यक्तीची आहेत.
५) हा बदल कोणतेही कर्ज, गुन्हा किंवा कायदेशीर जबाबदारी टाळण्यासाठी केलेला नाही."

सर्वाधिक चुका दिशेत होतात. लग्नानंतरच्या अर्जाचा नमुना उतरवून घेतला की 'जुने नाव' या रकान्यात माहेरचं नाव जातं. इथे उलटं आहे. जुनं नाव म्हणजे सायली पवार, नवं नाव म्हणजे सुनीता कदम.

दुसरी चूक इंग्रजी स्पेलिंगची. मसुदा मराठीत असला तरी दोन्ही नावं इंग्रजीतही लिहा. नव्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच ठेवा, एका अक्षराचाही फरक नको.

सही घरून करून नेऊ नका. ती नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरच करायची असते. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. बँक किंवा खाजगी संस्थेसाठी वेगळं हवं असेल, तर स्टॅम्प पेपर लागेल का ते आधी तिथेच विचारा.

राजपत्रात प्रसिद्धी

प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचं शपथेवरचं म्हणणं. तेवढ्याने कोणत्याही नोंदीत नाव बदलत नाही. पहिलं नावही बदलत असेल, तर पुढची पायरी महाराष्ट्र शासन राजपत्राची. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या dgps.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. जुनं नाव, नवं नाव आणि कारण भरा, कागदपत्रं जोडा, शुल्क भरा. सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते.

शुल्क भरण्याआधी अर्जाची प्रत मोठ्याने वाचून पाहा. तुम्ही भरलेला मजकूरच छापला जातो आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. छापून आल्यावर ते पान डाउनलोड करून जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

मग क्रम कोणता?

आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि पासपोर्ट. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल, तर ही दुसरी आणि शेवटची संधी आहे, म्हणून राजपत्र हातात येईपर्यंत आधारला हात लावू नका. आधार आणि पॅनवरची नावं जुळली की बँकेचं काम सोपं होतं. मुलं असतील तर त्यांच्या कागदपत्रांवर आईचं जुनं नाव असतं, तिथेही राजपत्राची प्रत जोडता येते.

आणि लग्नानंतर?

फक्त आडनाव आणि मधलं नाव बदलत असेल, तर आधारसाठी बहुधा विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, राजपत्राची गरज पडत नाही. नाव बदलायचंच नसेल तरी चालतं. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे, असं कोणताही कायदा सांगत नाही.