महिन्याला नव्हे, 21 दिवसांनी

11 वर्षांच्या एका मुलीची गोष्ट धरून चालू. आधी घसा दुखला, दोन दिवसांत बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरला. डॉक्टरांनी ‘संधिवाताचा ताप’ सांगितला आणि इको काढला, तेव्हा हृदयाची डावीकडची झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व, थोडी गळत असल्याचं दिसलं. गोळ्यांनी सांधे मोकळे झाले. महिन्याभरात मुलगी अंगणात लंगडी खेळू लागली आणि घरच्यांच्या लेखी आजार संपला.

खरं काम इथून पुढे सुरू होतं. हा ताप घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे उठतो. जंतूशी लढायला शरीर जी शस्त्रं बनवतं, ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. सांधे सावरतात, झडप मात्र पूर्वीसारखी होईलच असं नाही. ज्याला हा ताप एकदा आला त्याला घशाच्या पुढच्या संसर्गात तो पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, आणि प्रत्येक फेरीत झडप आणखी खराब होऊ शकते. ‘घसा दुखला की औषध घेऊ’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण कित्येकदा घसा दुखल्याचं कळतही नाही. म्हणून रक्तात पेनिसिलिन कायम थोडंतरी राहील, अशी सोय करावी लागते.

ती सोय बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन करतं. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना 12 लाख युनिट, लहान वजनाच्या मुलांना 6 लाख. औषध कमरेच्या स्नायूत साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. तिसऱ्या आठवड्यानंतर त्याची पातळी कमी होत जाते, म्हणून आपल्याकडे पुढचं इंजेक्शन 21 दिवसांनी देतात. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देतो. औषध हरलेलं नाही, हरते ती तारीख.

ती कशी, ते पाहा. बोलताना सगळे ‘महिन्याचं इंजेक्शन’ म्हणतात. पहिलं 7 जानेवारीला झालं, तर आई 7 फेब्रुवारी, 7 मार्च अशा तारखा धरते. खरं तर दुसरं 28 जानेवारीला, तिसरं 18 फेब्रुवारीला, चौथं 11 मार्चला हवं. महिन्याच्या हिशेबाने वर्षाला 12 होतात, 21 दिवसांच्या हिशेबाने 17. म्हणजे एकही इंजेक्शन ‘न चुकवता’ वर्षातले शंभराहून जास्त दिवस अपुऱ्या औषधावर जातात. त्यापेक्षा वार धरावा. 21 दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे, त्यामुळे पहिलं मंगळवारी झालं तर पुढची सगळी मंगळवारीच येतात. गावचा बाजार त्याच दिवशी असेल तर आणखी बरं. एखादा मंगळवार हुकलाच तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये. सापडेल त्या दिवशी घ्यावं आणि तिथून 21 मोजावेत.

पाळी चुकण्याचं दुसरं कारण दुखणं. भुकटीत पाणी घातलं की दुधासारखं दाट औषध होतं, बारीक सुईत अडकतं, घाईने दिलं की मूल दोन दिवस लंगडतं. सराव असलेली सिस्टर भरलेली सिरिंज तळहातात धरून जरा कोमट करते, जाडसर सुई वापरते आणि दोन-तीन मिनिटं लावून सावकाश देते. ॲलर्जीची भीती खोटी नाही, पण गंभीर ॲलर्जी क्वचितच होते. त्यासाठी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं असतं. हृदय फार खराब झालेल्या रुग्णाला मात्र डॉक्टर कधीकधी रोजच्या गोळ्याच देतात. बाकीच्यांसाठी गोळ्या हा दुय्यम पर्याय आहे. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं, कोण घेतं?

वर्षं किती, हे हृदयावर ठरतं. हृदयाला धक्का नसेल तर किमान 5 वर्षं किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यातलं जे जास्त ते. या मुलीसारखा सौम्य दोष असेल तर 10 वर्षं किंवा पंचविसाव्या वर्षापर्यंत. म्हणजे तिची 14 वर्षं, सुमारे 240 इंजेक्शनं. झडप जास्त खराब असेल किंवा बदलली असेल तर चाळिशीपर्यंत, बहुधा जन्मभर. नवी झडप बसली म्हणजे इंजेक्शन सुटलं, असं नाही.

एवढ्या काळात माणूस एका जागी राहत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे चार-सहा महिने फडावर जातात, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तिथला डॉक्टर धडधाकट दिसणाऱ्या बाईला पेनिसिलिन द्यायला कचरतो. म्हणून आजाराचं नाव, डोस, मागची तारीख आणि बंद करायचं वर्ष लिहिलेलं कार्ड कपड्यांबरोबर पिशवीत जायला हवं. दिवस राहिले तरी हे इंजेक्शन चालू ठेवता येतं. थांबवायचं ते इको पाहून, हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर.