मोटार चालन शाळेसाठी जुन्या गाडीची निवड

बेळगाव, निपाणी व चिकोडी परिसरात एका गाडीवर चालणारी मोटार शाळा सुरू करू इच्छिणारा बहुधा जुनी गाडी शोधतो. अशा वेळी केवळ विक्रीची किंमत पाहून चालत नाही. शिकाऊ हातांखाली सर्वांत आधी झिजतो तो क्लच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये हलके खाजगी वाहन शिकविताना प्रत्येक शिकाऊ व्यक्तीस किमान 10 तास प्रत्यक्ष चालविण्याचा सराव द्यावा लागतो. तासाला सरासरी 15 किलोमीटर धरल्यास शंभर विद्यार्थ्यांमागे गाडी 15,000 किलोमीटर धावते, आणि तीही अर्ध्या दाबलेल्या क्लचवर. समजा, एवढ्या धावेनंतर क्लच बदलावा लागतो. लहान पेट्रोल गाडीस मजुरीसह 6,000 रुपये व मोठ्या डिझेल गाडीस 20,000 रुपये खर्च येत असेल, तर दर विद्यार्थ्यामागे हा खर्च अनुक्रमे 60 व 200 रुपये पडतो. मोठी गाडी 10,000 रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी पहिल्याच क्लचमध्ये तो लाभ संपतो. म्हणून केबलने चालणारा क्लच असलेली व जिचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात अशी मारुती आल्टोसारखी लहान गाडी सोयीची ठरते.

खरेदीपूर्वी क्लचची परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करावी. हातब्रेक ओढून, पायब्रेक दाबून, तिसरा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले, तर पकड शाबूत आहे. ते चालूच राहिले, तर क्लच घसरत आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण वारंवार केल्याने चांगली प्लेटही जळते. पेडल दाबताच घरघर ऐकू आल्यास रिलीज बेअरिंग झिजले असण्याचा संभव असतो. गिअरपेटी उतरविण्याची मजुरी एकदाच पडावी, यासाठी प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग एकत्रच बदलावेत.

उपरोक्त नियमांनुसार शाळेच्या मोटारीस दुहेरी नियंत्रण अनिवार्य आहे. शिक्षकाचे ब्रेक व क्लचचे पेडल दांड्यांनी चालकाच्या पेडलांशी जोडलेले असतात. शिक्षकाने पाय उचलताच चालकाचे पेडल पूर्ण वर आले पाहिजे. ते अडकत असेल, तर क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहून लवकर जळतो. शिक्षकाने पेडलावर पाय टेकवून बसण्याची सवय टाळावी, हेही तितकेच आवश्यक आहे.

सीमाभागातील खरेदीदार पुष्कळदा कोल्हापूरची गाडी घेतात. अशा गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन कर्नाटकात नवीन नोंदणी करावी लागते व येथील कर भरावा लागतो. हा खर्च किंमतीत मिळवूनच सौदा ठरवावा.