पुण्याची गाडी, कोल्हापूरचं गिऱ्हाईक

"गाडी कशी आहे?" असं फोनवर विचारून काही हाती लागत नाही. "एकदम टकाटक, बघायचं कामच नाही," हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून ज्याची खातरजमा कागदावर होईल, तेच विचारावं.

समजा, तुम्ही कोल्हापूरला राहता आणि पुण्यातली २०१८ची पेट्रोल गाडी तुमच्या नजरेत भरली आहे. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटरांचा प्रवास. आधी विचारा, "आरसीवर नाव कोणाचं?" मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्याच माणसाची लागते. गाडी भावाच्या नावावर आणि भाऊ दुबईत, असं निघालं तर गाडी कितीही चांगली असली तरी कागद पुढे सरकत नाहीत. लगेच दुसरा प्रश्न, "बोजा उतरवलाय का?" कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला, असं नसतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओकडे दिल्याशिवाय आरसीवरचं बँकेचं नाव जात नाही.

अपघाताबद्दल थेट विचारलं की "साधा ओरखडाही नाही" असं ऐकू येतं. त्याऐवजी विचारा, "विम्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे?" गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम न घेता वर्ष गेलं की विम्याच्या त्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. मग ती २५, ३५, ४५ अशी चढत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. क्लेम घेतला की एरवी ती शून्यावर येते. आपल्या गाडीचा मालक पहिलाच आहे आणि पॉलिसीवर २० टक्केच दिसतात, तर मधे काहीतरी घडलंय. लगेच खोटं ठरवू नका. विमा संपून ९० दिवसांहून जास्त काळ गेला तरी बोनस जातो आणि नवी गाडी घेतल्यावर तो तिकडे नेताही येतो. पण "क्लेम कशाचा होता आणि काम कुठे केलं?" हे विचारायला आता आधार मिळाला. बंपर बदलला असेल तर हरकत नाही. पुढची चासी सरळ केली असेल, तर मी त्या गाडीच्या वाटेला जाणार नाही.

मीटर किती हा प्रश्न एकटा फसवा असतो. सर्व्हिसची शेवटची दोन-तीन बिलं मागा, त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात.

आरसी, पॉलिसी आणि बिलं यांचे फोटो निघण्याआधीच मागवा. "या तर खरं, सगळं दाखवतो," असं म्हणून जो फोटो टाळतो, त्याच्याकडे जाऊ नका. फोटो आले, जुळले, तर शेवटी एवढंच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." थंड इंजिन सुरू करतानाच बॅटरीची कमजोरी, निळा धूर आणि खडखड कळते. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा.