तारीख कुणाची?

डावीकडे कामाची माहिती आणि उजवीकडे तारखा, असा दोन स्तंभांचा देखणा रेझ्युमे पीडीएफमधून कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की बहुतेक वेळा त्याची खिचडी होते. सगळी पदं एकाखाली एक येतात, कामाचे मुद्दे सुटे पडतात आणि तारखांचा ढीग शेवटी वेगळाच साचतो. याचं कारण पीडीएफच्या रचनेत आहे. कुठलं अक्षर पानाच्या डाव्या कडेपासून किती आणि खालच्या कडेपासून किती अंतरावर उमटवायचं, एवढंच त्या फाइलमध्ये मुख्यतः लिहिलेलं असतं. ‘सिनिअर इन्स्पेक्टर’ आणि त्याच्यासमोरची तारीख यांचं नातं फक्त बघणाऱ्याला दिसतं. कॉपी करताना मजकूर ज्या क्रमाने साठवलेला असतो त्या क्रमाने बाहेर पडतो आणि ते नातं तुटतं.

असा मजकूर हातात आला की पुष्कळ जण आधी मथळे ठळक करतात, फॉन्ट बदलतात. मला वाटतं, तिथेच काम बिघडतं. आधी कुठली तारीख कुणाची हे ठरवावं, मग क्रम लावावा आणि रांग सगळ्यात शेवटी सरळ करावी. हा क्रम उलटला तर चुकीची तारीख सुबक रांगेत बसते, आणि नीटनेटक्या पानावर ती चूक कुणालाच दिसत नाही.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या डिप्लोमाधारक तरुणाचा रेझ्युमे घेऊ. मूळ फाइल तशीच बाजूला ठेवून मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवायचा, म्हणजे जुने रंग, चौकटी आणि फॉन्ट गळून पडतात. उरतं ते असं:

क्वालिटी इन्स्पेक्टर, चाकण
दहावी
अप्रेंटिस ट्रेनी, भोसरी
सीएमएम ऑपरेटर कोर्स
सिनिअर क्वालिटी इन्स्पेक्टर, चाकण
डिप्लोमा, मेकॅनिकल
२०१८
ऑगस्ट २०१९ – टिल डेट
०७/२०१८ – ०६/२०१९
२०१५
सप्टें. २१ ते नोव्हें. २१

पहिली गोष्ट मोजणीची. वर नोंदी सहा आहेत, खाली तारखा पाच. म्हणजे एकतर एक तारीख हरवली आहे, नाहीतर एक तारीख दोन नोंदींची आहे. आता ज्यांच्याबद्दल शंका नाही त्या जोड्या आधी लावायच्या. दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा, म्हणून २०१५ दहावीचं आणि २०१८ डिप्लोमाचं. अप्रेंटिसशिप डिप्लोमानंतर लगेच आणि वर्षभराची, म्हणून जुलै २०१८ ते जून २०१९ तिची. तीन महिन्यांचा कालावधी सीएमएमच्या कोर्सला शोभतो. सीएमएम म्हणजे यंत्रभागाची मापं त्रिमितीत घेणारं यंत्र. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी असे कोर्स करणारे खूप असतात, त्यामुळे त्याची तारीख नोकरीच्या काळात आली म्हणून बिचकायचं कारण नाही.

उरल्या दोन नोंदी आणि एक तारीख. ‘ऑगस्ट २०१९ – टिल डेट’ सिनिअर इन्स्पेक्टरसमोर ठेवली, तर हा मुलगा अप्रेंटिसशिप संपवून थेट सिनिअर झाला असं दिसेल. साध्या इन्स्पेक्टरसमोर ठेवली, तर बढतीला तारीखच उरत नाही. खरं म्हणजे ही तारीख दोन्ही पदांची नाही, ती कंपनीची आहे. दोन्ही पदं एकाच कंपनीतली, ऑगस्ट २०१९पासून आजपर्यंत. बढती कधी मिळाली हे मजकुरात कुठेच नाही. ते त्यालाच विचारावं लागतं आणि बढतीच्या पत्रावर पाहावं लागतं. पत्रावर १ एप्रिल २०२२ आहे असं धरू. पत्र हरवलं असेल, तर पगाराच्या चिठ्ठीवर पदनाम छापलेलं असेल तर ते कुठल्या महिन्यात बदललं ते बघता येतं.

तारखांचा पुरावा कुठे शोधायचा हे माहीत असलं की अर्धा घोळ मिटतो. ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो त्यांना ईपीएफओच्या सदस्यांसाठीच्या संकेतस्थळावर आपला सेवा-इतिहास दिसतो. त्यात प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची तारीख असते, आणि कंपनीने नोंदवली असेल तर सोडल्याचीही. पण कंपनीअंतर्गत बढती त्यात येत नाही. अप्रेंटिसशिपचा काळही सहसा सापडणार नाही, कारण १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालचे प्रशिक्षणार्थी प्रॉव्हिडंट फंडाच्या कक्षेबाहेर असतात. त्यासाठी अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र किंवा करारपत्र काढावं. नोकरी सोडल्याची खरी तारीख रिलिव्हिंग लेटरवर असते. राजीनामा दिल्याची तारीख वेगळी, नोटीस पिरियड संपल्याची वेगळी. रेझ्युमेत दुसरी लिहायची.

सुट्या पडलेल्या कामाच्या मुद्द्यांचंही हेच. ‘व्हर्निअर आणि हाइट गेजने तपासणी’ हा मुद्दा अप्रेंटिसच्या काळातला असेल किंवा इन्स्पेक्टरच्याही. ‘ग्राहकांच्या तक्रारींवर ८डी रिपोर्ट’ बहुधा सिनिअर झाल्यानंतरचा, कारण तक्रारीचं मूळ शोधून उत्तर देण्याची जबाबदारी नवख्यावर सहसा टाकत नाहीत. पण हे ‘बहुधा’ कागदावर उतरवायचं नाही. माणसाला फोन करून विचारायचं. मुलाखतीत त्या ओळीवर प्रश्न येणार आणि उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

जोड्या जमल्या की क्रम. रेझ्युमेत ताजं वर, जुनं खाली. ताजं म्हणजे काय, हे मात्र ठरवून घ्यावं लागतं. नोंद कधी संपली ते आधी बघायचं. अजून चालू असलेली सगळ्यात वर. दोन नोंदी एकाच वेळी संपत असतील किंवा दोन्ही चालू असतील, तर जी नंतर सुरू झाली ती वर. हा नियम प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे लावायचा. अनुभव, शिक्षण आणि प्रशिक्षण असे तीन विभाग इथे पुरतात. २०२१चा कोर्स प्रशिक्षणात जातो, त्यामुळे चालू नोकरीच्या मध्ये तो घुसत नाही.

नोंदी खूप असतील तर प्रत्येकीच्या आधी तात्पुरती 2019-06 अशी खूण लिहावी, आधी वर्ष आणि मग दोन अंकी महिना. महिन्याची नावं ठेवून वर्डला अक्षरांप्रमाणे क्रम लावायला सांगितलं, तर इंग्रजी वर्णक्रमात एप्रिल जानेवारीच्या आधी येतो आणि ऑगस्ट फेब्रुवारीच्या आधी. वर्ष पुढे ठेवलेली खूण अक्षरांप्रमाणे लावली तरी काळाचाच क्रम मिळतो. मात्र वर्डचं सॉर्ट प्रत्येक परिच्छेद सुटा धरतं. नोंदीखाली मुद्दे असतील तर ते आपल्या पदापासून तुटून भलतीकडे जातात, आणि सुरुवातीचा घोळ नव्याने उभा राहतो. सहा नोंदींसाठी मी हातानेच सरकवणं पसंत करेन: पद आणि त्याचे मुद्दे एकत्र निवडून Alt+Shift दाबून वरचा बाण दाबला, की तेवढा भाग एकेक परिच्छेद वर जातो.

मग तारखा एका धाटणीत. आपल्या ढिगात चार तऱ्हा आहेत: नुसतं वर्ष, महिना शब्दांत, महिना अंकांत आणि आखूड केलेलं वर्ष. नोकरीसाठी महिना आणि वर्ष दोन्ही लिहावं, आणि एका नोकरीला लिहिलं तर सगळ्यांना लिहावं. नुसतं ‘२०१९–२०२०’ म्हटलं तर डिसेंबर ते जानेवारी असे दोन महिनेही होतात आणि पूर्ण चोवीसही. शिक्षणाला उत्तीर्ण झाल्याचं वर्ष पुरतं. एवढं झालं की पान असं दिसतं:

अनुभव
कंपनी, चाकण: ऑगस्ट २०१९ – आजपर्यंत
सिनिअर क्वालिटी इन्स्पेक्टर: एप्रिल २०२२ – आजपर्यंत
क्वालिटी इन्स्पेक्टर: ऑगस्ट २०१९ – मार्च २०२२
कंपनी, भोसरी
अप्रेंटिस ट्रेनी: जुलै २०१८ – जून २०१९

प्रशिक्षण
सीएमएम ऑपरेटर कोर्स: सप्टेंबर – नोव्हेंबर २०२१

शिक्षण
डिप्लोमा, मेकॅनिकल: २०१८
दहावी: २०१५

आता रांग. तारखा उजव्या कडेला नेण्यासाठी स्पेसबार दाबत राहण्याची सवय फार पसरलेली आहे. वर्डमध्ये Ctrl+Shift+8 दाबलं की न दिसणारी चिन्हं दिसतात: प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, टॅबचा एक बाण. ठिपक्यांची लांबच लांब माळ दिसली की समजावं, ही रांग टिकणार नाही. छापील फॉन्टमध्ये इंग्रजी i अरुंद असतो आणि M रुंद. त्यामुळे पदाचं नाव बदललं की तारीख हलते, आणि ठरावीक रुंदीच्या स्पेसनी ती नेमकी कडेला बसत नाही. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर सगळ्याच ओळी वाकड्या होतात.

ते ठिपके पुसून पद आणि तारीख यांच्यामध्ये एकदाच Tab द्यायचा आणि उजवा टॅब-थांबा लावायचा. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंचा समास २.५४ ठेवला तर मजकुराला १५.९२ सेंटिमीटर उरतात. वरच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चौकोनावर क्लिक करत उजव्या टॅबची खूण आणायची आणि पट्टीवर १५.९ च्या आसपास क्लिक करायचं. तारखेचं शेवटचं अक्षर तिथे टेकतं आणि तारीख डावीकडे पसरते, म्हणून तारीख लहान असो की मोठी, उजवी कड सरळ राहते. ही मांडणी एका स्टाइलमध्ये साठवली तर समास बदलल्यावर एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते. एखाद्या ओळीतली तारीख खाली घसरली तर पदाचं नाव फार लांब आहे. गाव किंवा विभाग पुढच्या ओळीत न्यावा.

न दिसणाऱ्या रेघांचा तक्ता घालूनही तारखा सरळ येतात. पण अर्ज चाळणारी काही सॉफ्टवेअर तक्ता आणि मजकुराच्या चौकटी नीट वाचत नाहीत, म्हणून टॅब बरा. तयार पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहावा. प्रत्येक तारीख आपल्या पदाच्याच ओळीत किंवा लगेच खाली आली, तर जोडी टिकली.

क्रम लागला की आधी न दिसलेली एक गोष्ट वर येते. भोसरीचं काम जून २०१९ला संपलं आणि चाकणचं ऑगस्टला सुरू झालं. मध्ये जुलै रिकामा आहे. तो बुजवण्यासाठी अप्रेंटिसशिप महिनाभर ताणावी किंवा नोकरी महिनाभर आधी सुरू झाल्याचं लिहावं, असा मोह होतो, आणि टाइप करून देणारेही कधी तसं सुचवतात. ते करू नये. प्रमाणपत्रावर जून आहे, नेमणूकपत्रावर ऑगस्ट आहे, आणि नोकरी देताना कंपन्या पडताळणीसाठी हेच दोन कागद मागतात. एका महिन्याच्या खंडाबद्दल कुणी विचारलंच, तर ‘काम शोधत होतो’ एवढं उत्तर त्याला पुरेल. कागदाशी न जुळणाऱ्या तारखेला मात्र त्याच्याकडे उत्तर नसेल.