बाळबहिणीचं गाणं, दादाचा हिशोब

झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांना विचारलं होतं, “तुला भाऊ आहे?” हो. “मग तुझ्या भावाला भाऊ आहे?” नाही! नातं दुसऱ्या टोकाकडूनही मोजता येतं, हे त्या वयात उमगत नाही. नव्या बहिणीचं स्वागत करणारं दादाचं गाणं इथूनच सुरू व्हावं. आई माझी, मग ही आईकडे कशी?

या वयाचं मूल नियम लावत नाही, एका वस्तूवरून थेट दुसरीवर उडी मारतं. आठ-आठ मात्रांत बसवून पाहू:

दात तुला ना, केसहि थोडे,
आजोबांची म्हणून मैत्रिण.

गंमत सगळी त्या ‘म्हणून’मध्ये आहे. दादा विनोद करत नाही, निष्कर्ष काढतो. पुढचं कडवंही त्याच वाटेने जातं: दात नाहीत, म्हणजे तिच्या वाट्याचा लाडू माझाच.

गाणं बहुधा तिसऱ्या कडव्यात बिघडतं. दादा अचानक राखी आणि रक्षणाच्या गोष्टी करू लागतो. तिथे कवीमामा बोलतोय, हे ओळखावं. चार वर्षांच्या दादाला आधी एवढंच विचारायचं असतं, की ही राहणार किती दिवस?