पेला, पोस्टकार्ड आणि पहिले वाक्य

समजा, हवेच्या दाबावरील एक चित्रफीत अशी सुरू झाली : "प्रस्तुत चित्रफितीत वातावरणाच्या दाबाचे अस्तित्व सिद्ध करणारा एक सोपा प्रयोग सादर करण्यात येत आहे." वाक्य शुद्ध आहे, पण कानाला जड. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. तोवर आधीचे सारे शब्द ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावे लागतात. वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. चित्रफीत मात्र पुढे सरकत राहते. शिवाय 'करण्यात येत आहे' म्हटले, की प्रयोग करणारा माणूसच नाहीसा होतो.

आता हेच असे बोलून पाहा : "हा पेला पाण्यानं काठोकाठ भरलाय. त्यावर हे पोस्टकार्ड ठेवतो. कार्ड दाबून धरून पेला उलटा करतो. आता हात काढला, तर पाणी पडेल?"

येथे प्रत्येक वाक्याबरोबर एकेक गोष्ट डोळ्यांसमोर घडते. 'वातावरणाचा दाब' हे शब्द गाळायचे नाहीत. पाणी पडत नाही हे दिसल्यावर सांगायचे. मग ते प्रश्नाचे उत्तर म्हणून येतात. 'पाण्यानं', 'भरलाय' ही रूपे संहितेतही तशीच लिहावीत. 'पाण्याने', 'भरला आहे' असे लिहिले, की वाचणाऱ्याचा आवाज पुन्हा निवेदनाकडे वळतो.