फोन घेण्याआधी त्याचं दुसरं नाव शोधा

ऑगस्ट 2018मध्ये पोको एफ1 भारतात 20,999 रुपयांना आला. शाओमीने त्याला अँड्रॉइड 10पर्यंत नेलं आणि सोडून दिलं. तरीही अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्या आवृत्त्याही या फोनवर चालल्या, कारण लिनेजओएससारख्या प्रकल्पांतली हौशी मंडळी त्यासाठी फुकट काम करत राहिली. खटपटी माणसाला असाच फोन हवा असतो.

फोन सुरू होताना सगळ्यात आधी बूटलोडर जागा होतो आणि पुढची प्रणाली कंपनीच्याच सहीची आहे ना, हे तपासतो. दुसरी प्रणाली टाकायची तर आधी हे कुलूप उघडावं लागतं. बऱ्याच फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांत `OEM unlocking` चालू करायचं, फोन संगणकाला जोडायचा आणि एक आज्ञा द्यायची:

```
fastboot flashing unlock
```

या क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो आधीच दुसरीकडे ठेवा. पण काही कंपन्या हे होऊच देत नाहीत. हुआवेने 2018मध्ये कुलपाचे कोड देणं थांबवलं. शाओमीकडे खातं जोडून बरेचदा काही दिवस वाट पाहावी लागते.

कुलूप उघडलं तरी आत टाकायला काही असलं पाहिजे, आणि घेताना लोक नेमकं हेच विसरतात. प्रत्येक फोनला एक सांकेतिक नाव असतं; पोको एफ1चं `beryllium`. नव्या प्रणालीच्या फाइली याच नावाने बनतात. रेडमी नोट 8 म्हणजे `ginkgo`, त्यात स्नॅपड्रॅगन चिप. नोट 8 प्रो म्हणजे `begonia`, त्यात मीडियाटेक. खोक्यावर एका शब्दाचा फरक, पण एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर फोन सुरूच न होण्याची पाळी येऊ शकते. म्हणून आधी सांकेतिक नाव काढा आणि लिनेजओएसच्या यादीत ते आहे का, सध्या कुणी सांभाळतंय का, शेवटची फाइल कधीची आहे, ते पाहा. वर्षभर हालचाल नसेल तर तो फोन माझ्या मते बाद.

कंपनीने कर्नेलचा स्रोत दिलाय का, हेही बघा. तो देणं परवान्यानुसार बंधनकारक आहे, तरी कंपन्या चालढकल करतात. पोको एफ1चा स्रोत लवकर मिळाला, शिवाय चिप स्नॅपड्रॅगन 845. म्हणून इतके लोक जमले. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर मात्र कंपनी उघड करत नाही, त्यामुळे नव्या प्रणालीत फोटो अनेकदा फिके येतात.

सगळ्यात मोठी अडचण पैशांच्या अॅपची. फोनचं कुलूप उघडं आहे, हे गुगलची तपासणी ओळखते आणि मग काही बँकांची अॅप चालत नाहीत. त्यावरच्या पळवाटा आज चालतात, उद्या बंद पडतात. काही सॅमसंग फोनमध्ये तर नॉक्सची खूण कायमची बदलते. पुन्हा मूळ प्रणाली टाकली तरी सुरक्षित फोल्डर परत येत नाही.

तेव्हा ज्या फोनवर यूपीआय आणि बँक चालते त्याला हात लावू नका. खटपटीसाठी यादीत नाव असलेला जुना फोन वेगळा घ्या, आणि विकणाऱ्यासमोरच `OEM unlocking`चं बटण सरकतंय का ते पाहून मगच पैसे द्या.